‘९५ टक्के प्लेसमेंट’ म्हणजे नेमकी किती मुलं? विद्यापीठांच्या मेळाव्यात काय विचारायचं

प्रश्न: सर, मी तासगावचा. मुलीची बारावी सायन्स झाली, सीईटीचा निकाल आला, तिला कॉम्प्युटरला जायचंय. आम्ही ओबीसी, वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत. रविवारी सांगलीत विश्रामबागला मंगल कार्यालयात खासगी विद्यापीठांचा मेळावा आहे, आणि त्याच आठवड्यात पुण्याकडच्या एका विद्यापीठाचा ऑनलाइन ओपन डे. मागच्या वर्षी पुतण्याबरोबर असल्याच मेळाव्याला गेलो होतो. पिशवीभर माहितीपत्रकं घेऊन आलो. सगळेच ९५ टक्के प्लेसमेंट म्हणतात, सगळेच ५० टक्के स्कॉलरशिप देतात. खरं काय आणि जाहिरात काय, हे आमच्यासारख्यानं ओळखायचं कसं? नेमकं विचारायचं काय?

उत्तर: या मेळाव्यांत धडधडीत खोटं फार कमी बोललं जातं. आकडा बहुधा खराच असतो, फक्त तो कशाचा आहे हे सांगायचं राहून जातं. मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत असताना बरीच वर्षं अशा टेबलांच्या पलीकडच्या बाजूला बसलोय आणि आता सांगली-मिरजेत पालकांना प्रवेशाचा सल्ला देतो, त्यामुळे दोन्हीकडचं बोलणं कानावर आहे. तुम्ही विचारलेल्या दोन गोष्टी, प्लेसमेंट आणि स्कॉलरशिप, यांतच बहुतेक घरांचा निर्णय अडकतो. म्हणून त्या दोनच नीट सोडवतो.

आधी टेबलावर कोण बसलंय ते बघा. “नमस्कार, आपण विद्यापीठात काय काम करता?” हा पहिला प्रश्न. साध्या आवाजात विचारला तर कुणाला राग येत नाही. उत्तरं तीन-चार प्रकारची येतात. कुणी प्रवेश विभागाचा पगारी समुपदेशक असतो आणि त्याला सीझनचं टार्गेट असतं. कुणी बाहेरच्या एजन्सीचा माणूस असतो. तो सकाळी एका विद्यापीठाचा टी-शर्ट घालतो, पुढच्या आठवड्यात कोल्हापूरला दुसऱ्याचा, आणि त्याला प्रवेशामागे कमिशन असतं. कडेच्या खुर्चीवर कधीकधी विभागातले एखादे प्राध्यापक बसलेले असतात, बहुतेक वेळा कंटाळलेले. तुम्हाला बोलायचंय त्यांच्याशी. समुपदेशकाकडून फी, तारखा, वसतिगृह एवढं घ्या; शिकवणं, प्रयोगशाळा आणि नोकऱ्या यांबद्दल प्राध्यापकांना विचारा. टेबलावर शिक्षक नसेलच तर “कॉम्प्युटर विभागातल्या कुणाशी फोनवर बोलता येईल का?” असं विचारून नंबर मागा. नंबर मिळाला की नाही, यावरूनही काही कळतं.

आता ९५ टक्के. हा आकडा कसा तयार होतो ते एका उदाहरणानं सांगतो. आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, पण पद्धत अगदी हीच असते.

समजा कॉम्प्युटर शाखेत १२० जागा भरल्या. कुणी वर्ष गमावलं, कुणी सोडून गेलं, शेवटच्या वर्षाला १०८ मुलं पोहोचली. प्लेसमेंट विभागानं अट घातली की सगळ्या वर्षांत ६० टक्के हवेत, एकही विषय राहिलेला नको, आणि नोंदणी केलेली हवी. त्या चाळणीतून ८० उरली. कंपन्यांनी मिळून ७६ ऑफर लेटर दिली. ७६ भागिले ८०, झाले ९५ टक्के. हिशोबात चूक कुठेच नाही. पण ती ७६ पत्रं ५८ मुलांच्या हातात होती, कारण हुशार पोरांना दोन-दोन, तीन-तीन आली. म्हणजे शेवटच्या वर्षाच्या १०८ पैकी ५८, साधारण ५४ टक्के. फलकावरचा ९५ आणि तुमच्या मुलीच्या वर्गातला ५४, दोन्ही आकडे एकाच रजिस्टरमधले.

इथं विद्यापीठाची बाजूही सांगतो. काही मुलं खरंच नोकरी शोधत नसतात. कुणी एमपीएससीकडे वळतं, कुणी एम.टेक.ला किंवा परदेशात जातं, कुणी वडिलांचा धंदा बघतं. त्यांना वजा करणं रास्त आहे. विषय राहिले म्हणून नोंदणीच करू न दिलेल्यांना वजा करणं मात्र पालकाच्या कामाचं नाही, कारण तुमची मुलगी त्यात असू शकते. म्हणून प्रश्न असा विचारा: “मागच्या बॅचला कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षात एकूण मुलं किती होती? त्यातल्या किती वेगवेगळ्या मुलांना नोकरी लागली? किती पुढं शिकायला गेली?” ‘वेगवेगळ्या’ हा शब्द विसरू नका. टक्का मागूच नका, डोकी मागा. टक्का तुम्ही घरी काढाल.

तसंच पगाराचं. त्याच ५८ मुलांत एकाला ४४ लाखांचं पॅकेज मिळालं, सात जणांना नऊ-नऊ लाख आणि उरलेल्या पन्नास जणांना ३ लाख ६० हजार. फलकावर सगळ्यात मोठ्या अक्षरात ४४ लाख असणार. सरासरी काढली तर जवळपास पाच लाख येते, ती त्या एकट्या पोरानं वर ओढलेली आहे. ‘टॉप २० विद्यार्थ्यांची सरासरी’ काढली तर साडेसात लाख होते, आणि छापताना ‘टॉप २०’ हे शब्द तळाला बारीक अक्षरात जातात. तुम्हाला हवा तो मधला पगार. सगळ्यांना पगाराच्या क्रमानं रांगेत उभं केलं तर बरोबर मध्यावरच्या मुलाला काय मिळालं? इथं ३ लाख ६० हजार. शिवाय हा आकडा कंपनी वर्षाला एकूण किती खर्च करते त्याचा असतो. पीएफ, ग्रॅच्युइटी जाऊन महिन्याला हातात पंचवीस-सत्तावीस हजार पडतात. मोठ्या पॅकेजमध्ये तर पहिल्या वर्षीचा जॉइनिंग बोनस आणि पुढं कधीतरी मिळणारे शेअरही धरलेले असतात. “मीडियन किती?” एवढं इंग्रजीतच विचारलंत तरी चालतं. समोरच्याला तो शब्द माहीत असतो आणि तुम्हालाही माहीत आहे हे त्याला कळतं.

एका मेळाव्यात पाहिलेला प्रसंग सांगतो. विट्याकडच्या एक बाई मुलीला घेऊन आल्या होत्या. मुलीला ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि डेटा सायन्स’ ही शाखा हवी होती. समुपदेशकानं नेहमीचा ९५ टक्क्यांचा तक्ता उघडला. मुलीनं विचारलं, “सर, या ब्रँचची पहिली बॅच कधी पास झाली?” तो थबकला. बाजूच्या मॅडम, विभागातल्याच, हसून म्हणाल्या, “अजून व्हायचीय गं. पुढच्या वर्षी होईल. हा तक्ता कॉम्प्युटर आणि आयटीचा आहे.” बाईंनी विचारलं, “मग तुमच्या ब्रँचला शिकवतं कोण?” मॅडमनी दोघांची नावं सांगितली, बाकीचे विषय कॉम्प्युटर विभागाचे लोक घेतात म्हणाल्या. त्या मॅडमनी कुणाचा तोटा केला असं मला वाटत नाही. मुलगी पुढं तासभर त्यांच्याशीच बोलत बसली. नव्या नावाच्या शाखा गेल्या काही वर्षांत भराभर निघाल्यात, तेव्हा हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक टेबलावर विचारण्यासारखा आहे. ‘अमुक बड्या कंपनीच्या सहकार्यानं’ असं लिहिलेला कोर्स असेल तर आणखी एक विचारा: कंपनीचा माणूस कोणता विषय, आठवड्यातून किती तास, प्रत्यक्ष येऊन शिकवतो, आणि त्याची वेगळी फी आहे का? पुष्कळदा उत्तर निघतं की कंपनीचे रेकॉर्ड केलेले धडे आहेत आणि शेवटी एक प्रमाणपत्र.

टेबलावर ऐकलेलं घरी पडताळायला एक जागा चांगली आहे. nirfindia.org वर, म्हणजे केंद्र सरकारच्या क्रमवारीच्या साइटवर, संस्थांनी स्वतः भरून दिलेली माहिती असते. क्रमवारीत कितवा नंबर ते सोडून द्या. संस्थेच्या नावापुढची डेटाची पीडीएफ उघडा. तिच्यात एक तक्ता असतो: पहिल्या वर्षाला किती घेतले, ठरलेल्या वर्षांत पास किती झाले, नोकरी किती जणांना लागली, मधला पगार किती, पुढच्या शिक्षणाला किती गेले. चार वर्षांच्या पदवीची ओळ शोधा आणि माहितीपत्रकाशेजारी धरा. फलकावर साडेसात आणि तिथं साडेतीन-चार दिसलं तर मेळाव्यात विचारायला तुमच्याकडं एक ठोस प्रश्न तयार झाला. या तक्त्यालाही मर्यादा आहेत. माहिती संस्थेनंच दिलेली असते, वर्ष-दोन वर्षं जुनी असते आणि सगळ्या शाखा एकत्र असतात. सगळ्या संस्था भागही घेत नाहीत. तरी माहितीपत्रकापेक्षा ती बरी, कारण सरकारकडं भरून देताना हात जरा आखडतो.

‘नॅक ए प्लस प्लस’ म्हणजे सगळं आलं, असं समजू नका. नॅकचा दर्जा अख्ख्या संस्थेला मिळतो. एनबीएची मान्यता एकेका अभ्यासक्रमाला, ठरावीक वर्षांसाठी मिळते. “कॉम्प्युटरला एनबीए आहे का, कोणत्या वर्षापर्यंत?” एवढंच विचारा आणि पुढं चला.

आता स्कॉलरशिप. तुमच्या बाबतीत हा मुद्दा प्लेसमेंटहूनही मोठा आहे, आणि मेळाव्यात तो कुणी आपणहून काढणार नाही.

राज्य सरकारनं जुलै २०२४ मध्ये निर्णय काढला. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. आधी ही सवलत निम्मी होती. पण त्यासाठी प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप फेऱ्यांतून, झालेला हवा. व्यवस्थापन कोट्याला ती नाही, आणि खासगी स्वयंअर्थसहाय्यित व अभिमत विद्यापीठांनाही नाही. तुम्ही रविवारी ज्या टेबलांपुढं उभे राहणार आहात त्यांतली बरीचशी नेमकी याच वगळलेल्या यादीतली असतील.

इथं एक गोंधळ हमखास होतो. स्वायत्त कॉलेज वेगळं आणि खासगी विद्यापीठ वेगळं. सांगलीचं वालचंद स्वायत्त आहे, कराडचं शासकीय अभियांत्रिकीही स्वायत्त आहे, पण ती कॉलेजंच आहेत. तिथं प्रवेश कॅपमधून होतो आणि सवलत लागू होते. स्वतःची स्वतः पदवी देणारं खासगी विद्यापीठ झालं की गणित बदलतं. आपल्या भागातही काही संस्था कालपर्यंत कॉलेज होत्या आणि आता विद्यापीठ झाल्यात. शेजारच्या पोरीला तीन वर्षांपूर्वी तिथं सवलत मिळाली म्हणून तुमच्या मुलीला मिळेल असं नाही. तेव्हा टेबलावर शब्द असे वापरा: “या वर्षी तुमचा प्रवेश कॅपमधून आहे का? मुलींची शंभर टक्के फी माफी तुमच्याकडं महाडीबीटीवरून लागू होते का, हो की नाही?” “आमची स्वतःची स्कॉलरशिप आहे ना” असं उत्तर आलं, तर तो ‘नाही’ समजा.

मग त्या स्वतःच्या स्कॉलरशिपचा हिशोब मांडा. पुन्हा उदाहरणादाखल आकडे घेतो, तुम्ही खरे घाला. शिक्षण फी वर्षाला अडीच लाख, स्कॉलरशिप ५० टक्के. पहिल्या वर्षी सव्वा लाख भरलात, बरं वाटलं. अट बारीक अक्षरात असते: दरवर्षी ८ सीजीपीए राखला तरच पुढं चालू. मुलीनं राखला तर चार वर्षांचे पाच लाख. पहिल्याच वर्षानंतर सुटला, तर सव्वा लाख अधिक तीन गुणिले अडीच, म्हणजे पावणेनऊ लाख. त्यात वसतिगृह आणि मेस वर्षाला १ लाख २० हजार धरा, चार वर्षांचे ४ लाख ८०. एकूण साडेतेरा लाखांच्या वर. दुसरीकडं जवळचं कॅपचं कॉलेज घ्या. शिक्षण फी माफ, विकास शुल्क आणि बाकी किरकोळ मिळून समजा पंधरा हजार, चार वर्षांचे साठ हजार, वर तासगाव-सांगली एसटीचा पास. म्हणजे ती ‘५० टक्के स्कॉलरशिप’ तुम्हाला बारा-तेरा लाखांना पडू शकते. पुण्यात राहून मिळणाऱ्या संधी तेवढ्या मोलाच्या वाटल्या तर जरूर पाठवा, पण आकडा समोर ठेवून पाठवा.

स्कॉलरशिपबद्दल टेबलावर तीन गोष्टी विचारा. ती फक्त शिक्षण फीवर आहे की एकूण रकमेवर? चालू ठेवायची अट काय? आणि मागच्या वर्षी पहिल्या वर्षाला मिळालेल्यांपैकी दुसऱ्या वर्षी किती जणांची टिकली? तिसऱ्याचं उत्तर बहुधा तिथं मिळत नाही. “माहिती घेऊन ईमेल करतो” म्हणाले तर ईमेल लिहून द्या आणि वाट बघा. फी दरवर्षी वाढते का, किती, हेही याच वेळी उरकून घ्या.

पुण्याच्या ऑनलाइन ओपन डेबद्दल. तिथं गर्दी आणि गडबड नसते, पण पडदा त्यांच्या हातात असतो. पहिली वीस मिनिटं कुलगुरूंचं भाषण आणि ड्रोनचा व्हिडिओ चालतो, तेवढ्यात चहा घ्या. व्हिडिओत न बांधलेल्या इमारतीचं संगणकावर केलेलं चित्रही असतं. कोपऱ्यात ‘प्रस्तावित’ लिहिलेलं दिसतंय का बघा. प्रश्न दोन ठिकाणी टाकता येतात, चॅटमध्ये आणि प्रश्नोत्तराच्या खिडकीत. प्रश्नोत्तराच्या खिडकीतला प्रश्न बहुतेक वेळा आधी संयोजकाकडं जातो आणि अवघड असला की तिथंच राहतो. चॅट उघडं असेल तर प्रश्न चॅटमध्ये टाका, बाकीचे पालकही वाचतात. “प्लेसमेंट कशी आहे?” असं लिहिलंत तर फलकच वाचून दाखवतील. असं लिहा: “२०२५ ची कॉम्प्युटर बॅच: शेवटच्या वर्षात एकूण विद्यार्थी किती, नोकरी लागलेले वेगवेगळे विद्यार्थी किती, मीडियन पगार किती?” तोंडी उत्तर आलं तर तारीख घालून वहीत लिहा, लेखी आलं तर स्क्रीनशॉट घ्या. उत्तर न देता पुढं गेले, तर तोच मजकूर त्याच रात्री प्रवेश विभागाला ईमेल करा.

ओपन डेचा सगळ्यात कामाचा भाग शेवटी असतो. विभागवार छोट्या खोल्यांत शिक्षक आणि विद्यार्थी भेटतात, आणि तोवर निम्मे पालक निघून गेलेले असतात. तुम्ही थांबा. तिथं विचारायला मुलीला बसवा, तुम्ही मागं राहा. विद्यार्थ्याला “कॉलेज कसं आहे?” विचारलं तर “मस्त आहे” हेच येणार, शेजारी सर बसलेले असतात. तिनं असं विचारावं: “मागच्या सेमिस्टरला कुठल्या विषयाला शिक्षक उशिरा मिळाले?” “लॅबमध्ये एका कॉम्प्युटरवर किती जण बसता?” “मेसला सुट्टी असते तेव्हा जेवता कुठं?” यांना पाठ केलेली उत्तरं नसतात. आणि एक मागणी नक्की करा, मेळाव्यातही आणि इथंही: सांगली किंवा सातारा जिल्ह्यातल्या, तिसऱ्या वर्षाला असलेल्या एखाद्या मुलीला विचारून तिचा नंबर द्याल का? तिची आई तुमच्याशी जितकं मोकळं बोलेल तितकं कुठलंही माहितीपत्रक बोलणार नाही.

फॉर्मवर मोबाइल नंबर लिहिताना जपा. लकी ड्रॉच्या चिठ्ठ्या आणि क्यूआर कोड नंबर गोळा करायलाच असतात, मग महिनाभर दिवसाला दहा फोन येतात. घरातलं जुनं सिम असेल तर तो नंबर द्या. सीईटीला नोंदवलेला नंबर देऊ नका. कॅपचे ओटीपी त्यावर येणार आहेत.

शेवटी रविवारी दुपारी चारच्या सुमाराला जे होतं त्याबद्दल. “कॉम्प्युटरच्या पाचच सीट राहिल्यात, आज दहा हजार भरलेत तर स्कॉलरशिप लॉक होईल.” सीट पाचच आहेत का पन्नास, हे तुम्हाला तिथं कळायचा मार्ग नाही. पैसे भरूच नका असं मी म्हणत नाही. कॅपमध्ये मनासारखं काही मिळण्यासारखं नसेल तर एक जागा हाताशी ठेवणं शहाणपणाचं असतं. मुलीचे पर्सेंटाइल मागच्या वर्षीच्या कटऑफशी ताडून बघा. cetcell.mahacet.org वर कॉलेजवार, शाखावार, फेरीवार याद्या आहेत. मेळाव्याच्या आदल्या रात्रीच हे काम करा, म्हणजे घाई दाखवणाऱ्यापुढं तुम्हाला तुमची जागा माहीत असेल. भरायचेच ठरले तर आधी प्रवेश रद्द केल्यास किती रक्कम, कोणत्या तारखेपर्यंत परत मिळते ते त्यांच्या लेटरहेडवर किंवा अधिकृत ईमेलवर घ्या. पैसे विद्यापीठाच्या नावाच्या खात्यात भरा, कुणाच्या फोनपे नंबरवर नको, आणि पावती तिथंच घ्या. दहावी-बारावीची मूळ प्रमाणपत्रं आणि शाळा सोडल्याचा दाखला तर रविवारी बरोबर नेऊच नका, झेरॉक्स पुरतात. यूजीसीच्या नियमाप्रमाणं मूळ कागद फक्त पडताळून लगेच परत द्यायचे असतात, ठेवून घ्यायचे नसतात. पण एकदा कपाटात गेलेला दाखला कॅपच्या ऐन फेरीत पुण्याहून परत आणायला किती हेलपाटे पडतात, हे माझ्याकडं येणाऱ्या पालकांकडून दर जुलैत ऐकतो.